गटात शाबासकी, खासगीत कानउघाडणी

औषधांच्या कारखान्यातल्या एका पॅकिंग लाइनवरचे दोन मेसेज समोर ठेवतो. प्रसंग आणि मजकूर दोन्ही समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण पेडणे-डिचोलीकडून रोज कंपनीच्या बसने कामाला जाणाऱ्यांना ते परके वाटणार नाहीत.

दुसरी पाळी रात्री अकराला सुटली. अकरा चाळीसला, बस अजून वाटेत असताना, लाइन चालवणाऱ्या ऑपरेटरच्या फोनवर त्याच्या टीम लीडचा मेसेज येतो: ‘चेकलिस्टवर सही आधी आणि तपासणी नंतर, हे दुसऱ्यांदा होतंय. गार्डखाली आधीच्या बॅचचं कार्टन सापडलं. ऑडिटला काय सांगायचं? उद्या बोलू.’ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिन्ही पाळ्यांच्या ग्रुपवर त्याच लीडचा मेसेज पडतो: ‘ग्रेट जॉब टीम! कालची बॅच वेळेत पूर्ण. सेकंड शिफ्टचं खास अभिनंदन. असंच चालू द्या!’ ग्रुपवर तीसेक जण आहेत, त्यांत प्लांट मॅनेजर आणि क्वालिटीचे प्रमुखही आहेत. खाली अंगठ्यांची रांग लागते.

दोन्ही मेसेज एकाच रात्रीबद्दल आहेत, एकाच माणसाने लिहिलेले आहेत आणि दोन्हींतली माहिती खरी आहे. तरी ते वाचून दोन वेगळ्या रात्री घडल्या असाव्यात असे वाटते.

काय घडले होते ते आधी सांगायला हवे. औषधाची एक बॅच संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी संपूर्ण लाइन रिकामी करून तपासतात. आधीच्या बॅचची गोळी, छापील फॉइल, माहितीपत्रक किंवा कार्टन यांतले काही कुठे अडकून राहिलेले नाही ना, हे बघून मग सही होते. याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. जुने एक कार्टन नव्या बॅचमध्ये गेले, तर डब्यावर एक औषध आणि आत दुसरे, किंवा औषध तेच पण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख चुकीची, असे होऊ शकते. त्या रात्री ऑपरेटरने यादीवर सही केली, लाइन चालू केली, मग त्याला कन्व्हेअरच्या गार्डखाली जुने कार्टन दिसले आणि त्याने लगेच लाइन थांबवली. पंचवीस मिनिटे गेली, तरी बॅच वेळेत संपली. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच तासात एक चूक आहे आणि एक चांगले काम आहे. सही आधी करणे ही चूक आणि दिसताक्षणी लाइन थांबवणे हे चांगले काम. खासगी मेसेजात फक्त चूक गेली. ग्रुपवरच्या मेसेजात दोन्हींपैकी काहीच गेले नाही.

असे मेसेज शेजारी ठेवले की पहिला निष्कर्ष लगेच सुचतो. हा लीड चारचौघांत गोड आणि एकटे गाठून कडू, किंवा याला दोष बारकाईने दिसतात पण गुण ढोबळच दिसतात. कामाच्या ठिकाणच्या अभिप्रायाची चर्चा बहुधा इथेच थांबते. माझ्या मते हा निष्कर्ष काढण्याची पद्धतच चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे या विषयातले सगळ्यांत उपयोगी ज्ञान आहे.

जाहीर शाबासकी आणि खासगी टीका यांच्यात एकदम दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे स्तुती की टीका. दुसरी म्हणजे ऐकणारे किती. दोन्ही एकदम बदलल्यावर जो फरक दिसतो तो कशामुळे पडला, हे कळायला मार्ग उरत नाही. मेसेज मोघम आहे तो स्तुतीचा असल्यामुळे, की तीस जणांसमोर लिहिल्यामुळे? माध्यमाचा परिणाम शोधायचा असेल तर एका कागदावर चार घरे आखावी लागतात: जाहीर स्तुती, खासगी स्तुती, जाहीर टीका आणि खासगी टीका. मग तुलना आडवी करायची, म्हणजे स्तुतीची स्तुतीशी आणि टीकेची टीकेशी.

समजा, एका लीडने दोन महिन्यांत असे साठ मेसेज लिहिले. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. जाहीर स्तुतीचे २४, खासगी टीकेचे २०, खासगी स्तुतीचे १२ आणि जाहीर टीकेचे ४. प्रत्येक मेसेजला एकच प्रश्न विचारायचा: यात कोणती कृती झाली ते सांगितले आहे का? ‘छान काम’ यात कृती नाही. ‘कार्टन दिसताच लाइन थांबवलीस’ यात आहे. मोजल्यावर असे दिसले म्हणा, की खासगी टीकेच्या २० पैकी १७ मेसेजांत कृती आहे आणि जाहीर स्तुतीच्या २४ पैकी फक्त ५ मध्ये. इथे थांबलो तर लीडला दोषच बारकाईने दिसतात हे जणू सिद्ध झाले. आता तिसरे घर उघडा. खासगी स्तुतीच्या १२ पैकी ९ मेसेजांत कृती आहे. म्हणजे या माणसाला गुण नीट दिसतात, शब्दांतही मांडता येतात, पण ग्रुपवर आला की त्याचे शब्द विरघळतात. दोष त्याच्या नजरेत नाही, तीस जणांच्या उपस्थितीत आहे. हेच तिसरे घर १२ पैकी ३ असे निघाले असते, तर आधीचा निष्कर्ष बराचसा खरा ठरला असता आणि त्याला कामातले बारकावे टिपायला शिकवावे लागले असते. दोन्ही ठिकाणी ग्रुपवरचे मेसेज सारखेच मोघम दिसले असते, उपाय मात्र वेगळे.

चौथ्या घरात चारच मेसेज आहेत. त्यांवरून काहीही बोलू नये. जाहीर टीका दुर्मीळ आहे एवढीच नोंद करावी, आणि असलेल्या चारांत नाव घेतले आहे की ‘काही जण अजूनही’ अशी सुरुवात आहे, हे वाचून ठेवावे. ‘काही जण’ असे लिहिले की ज्याला लागायला हवे त्याला ते लागत नाही आणि ज्यांनी काही केलेले नाही ते दिवसभर हा रोख आपल्यावर तर नाही ना, असा विचार करत बसतात.

गटापुढे शब्द का विरघळतात? लीड ग्रुपवर लिहितो तेव्हा तो ऑपरेटरशी बोलतच नसतो. त्याच्यासमोर प्लांट मॅनेजर असतो, क्वालिटीचे प्रमुख असतात, ज्यांचे नाव घेतले नाही ते सहकारी असतात, आणि पहिल्या पाळीचा लीडही असतो. एकाचे नाव घेतले तर बाकीचे नाराज. कृती सांगितली तर लाइन थांबवावी का लागली, हा प्रश्न वरून येणार. म्हणून तो सगळ्यांना चालेल असा मजकूर शोधतो, आणि असा मजकूर म्हणजे केवळ निकाल: बॅच वेळेत, टार्गेट पूर्ण, अभिनंदन. पेनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेला आणि १९८७ मध्ये पुस्तकरूपाने सुधारलेला शिष्टाचाराचा सिद्धान्त हेच पाहतो. बोलताना माणूस समोरच्याची आणि स्वतःची अब्रू सांभाळत असतो. ज्या बोलण्याने ती धोक्यात येते ते बोलणे तो मऊ करतो, आडवळणाने करतो, किंवा टाळतो. ग्रुपवर एकाच वेळी तीस जणांची अब्रू सांभाळायची असते. खासगीत दोघांचीच, आणि त्यातही लीड वरच्या जागेवर असल्याने तो स्वतःच्या बाजूची काळजी कमी करतो. त्यामुळे मजकूर नेमका होतो आणि त्याच कारणाने बोचरा होतो.

याचा कामावरचा परिणाम नाराजीपेक्षा मोठा असतो. आपल्या रात्रीत सगळ्यांच्या उपयोगाची माहिती एकच होती: गार्डखाली कार्टन अडकून राहू शकते, तिथे बघा. ही माहिती खासगी मेसेजात गेली, जिथे ती आधीच माहीत असलेला एकच माणूस होता. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरांना मिळाले ते अभिनंदन. पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणाच्या लाइनवर तेच घडले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आणखी एक धोका औषधाच्या कारखान्यात विशेष आहे. तपासणीआधी सही होणे ही तिथे वैयक्तिक सवयीची बाब राहत नाही. बॅचच्या कागदपत्रांत जे लिहिले ते प्रत्यक्षात त्या वेळी झालेले नव्हते, म्हणून ती विचलनाची नोंद होते. तिथे तिला डेव्हिएशन म्हणतात. ती रीतसर लिहायची असते, कारण शोधायचे असते आणि सुधारणा ठरवायची असते. लीडने रात्री खासगीत समज दिली आणि विषय तिथेच मिटला, तर त्याने माणसाला चारचौघांत न बोलण्याचा दयाळूपणा केला खरा, पण नोंद जिथे पोहोचायची तिथे पोहोचली नाही. ‘दुसऱ्यांदा होतंय’ हे शब्द बघा. पहिल्यांदा झाले तेव्हाही ते बहुधा खासगीतच मिटले होते. मेसेज तपासताना ‘परत’, ‘पुन्हा’, ‘दुसऱ्यांदा’ असे शब्द खासगी टीकेत वारंवार दिसले, तर ते ऑपरेटरच्या हट्टीपणाचे लक्षण मानण्याआधी रीतसर नोंदवही उघडून बघावी. तिथे पहिला प्रसंग सापडला नाही, तर बिघाड माध्यमाच्या निवडीत आहे.

आता तिसरा मजकूर. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी लीड आणि ऑपरेटर लॉकर रूमबाहेर भेटतात. लीड विचारतो, ‘कितें जालें रे?’ ऑपरेटर सांगतो की गार्ड चार बोल्टांनी बसवलेले आहे, स्पॅनर मेंटेनन्सच्या खोलीत असतो, तिथून तो आणायला वीस मिनिटे जातात, आणि बॅच बदलायला वेळ दिलेला असतो अर्धा तास. म्हणून सगळेच आधी सही करतात आणि गार्ड नंतर, जमेल तेव्हा उघडतात. खरे कारण इथे आले. आदल्या रात्रीच्या मेसेजात ते येणे शक्यच नव्हते, कारण त्यात विचारलेला एकमेव प्रश्न, ‘ऑडिटला काय सांगायचं?’, उत्तरासाठी विचारलेला नव्हता. प्रत्यक्ष भेटीत साधा प्रश्न विचारला गेला, आवाजात राग नाही हे कळले, आणि कारण बाहेर आले. स्पॅनर लाइनवर साखळीने बांधून ठेवला की सहीचा क्रम बऱ्याच अंशी आपोआप सुधारतो.

लिहिलेल्या मेसेजात आवाज हरवतो हे सगळ्यांना ठाऊक असते. तो किती हरवतो याचा अंदाज मात्र लिहिणाऱ्याला नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली होती, काहींना ई-मेलने आणि काहींना आवाजाने. समोरच्याला आपला रोख ओळखता येईल असा पाठवणाऱ्यांचा विश्वास दोन्ही माध्यमांत जवळजवळ सारखाच होता, सुमारे ७८ टक्के. आवाजातून ७३ टक्के वेळा रोख ओळखला गेला. ई-मेलमधून ५६ टक्के वेळा. पर्याय दोनच होते, म्हणजे नुसता अंदाज केला तरी निम्मे बरोबर येतात. लेखी शब्दांनी त्यात फार थोडी भर घातली. लिहिताना लीडच्या मनात स्वतःचा आवाज चालू असतो, त्याला ‘उद्या बोलू’ हे शांतपणे म्हटलेले ऐकू येते. बसमध्ये बसलेल्या माणसाला ते शब्द आवाजाशिवाय मिळतात, आणि उद्यापर्यंतची रात्र त्याच्यापुढे असते.

वेळेचाही स्वतंत्र रकाना ठेवावा लागतो. पॅकिंग हॉलमध्ये फोन नेता येत नाही, त्यामुळे त्या मजल्यावर घडलेल्या गोष्टीचा मेसेज नेहमी पाळी संपल्यावरच जातो. बाहेरून बघणाऱ्याला हा लीड लोकांना रात्री उशिरा त्रास देतो असे वाटेल. मेसेजच्या वेळेसोबत घटनेची वेळही लिहिली तर कळते की उशीर कारखान्याच्या नियमाने होतो आहे. मग प्रश्न बदलतो: चुकीबद्दलचे बोलणे पाळी सुटण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत, तोंडी, का होत नाही?

गोव्यात, आणि त्यातही पेडणे-डिचोलीत, या मोजमापात एक गुंतागुंत आहे जी पुण्यामुंबईच्या माणसाच्या नजरेतून निसटेल. इथला माणूस घरी कोकणी बोलतो, वर्तमानपत्र बहुधा मराठी वाचतो, गावातले नाटक मराठीत करतो आणि कारखान्यातला फॉर्म इंग्रजीत भरतो. शेजारच्या सिंधुदुर्गातून येणारा सहकारी मालवणी बोलतो, परराज्यांतून आलेल्यांशी हिंदी चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात जागा मिळाली, पण कंपनीचा ग्रुप कोणत्या भाषेत चालावा हे कायदा ठरवत नाही. ते ग्रुपवर कोण कोण आहे त्यावर ठरते. तिथे प्लांट मॅनेजर असला की इंग्रजी, किंवा ‘ग्रेट जॉब’छाप मिश्र भाषा. खासगीत तोच लीड कोकणीवर येतो, पुष्कळदा रोमन लिपीत टाइप करून.

त्यामुळे माध्यम बदलले की भाषाही बदलते, आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतात. ग्रुपवरचा मजकूर मोघम आहे तो तीस जण वाचणार म्हणून, की त्या भाषेत या माणसाजवळ शाबासकीची चारच तयार वाक्ये आहेत म्हणून? कोकणीत त्याला ‘बरें केलें मरे’ म्हणून पुढे नेमके काय बरे केले ते सहज सांगता येते. खात्री करून घ्यायला एक सोपी वाट आहे. त्याच लीडचा फक्त पाळीतल्या आठ-दहा जणांचा, वरिष्ठ नसलेला एखादा छोटा ग्रुप असतोच. बसचा, किंवा गावाकडच्यांचा. तिथली भाषा घरची असते, पण माध्यम चारचौघांचेच. तिथली स्तुतीही मोघम असेल तर कारण श्रोत्यांत आहे. तिथे ती नेमकी होत असेल तर भाषा किंवा वरिष्ठांची हजेरी, यांतले काहीतरी मोठ्या ग्रुपवर आड येते आहे.

भाषांतर करून मेसेज मोजणे इथे धोक्याचे ठरते. ‘असें कित्याक केलें रे’ यातला ‘रे’ वाक्य जवळचे करतो. त्याचे इंग्रजी करून कोणा बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवले तर जाब विचारल्यासारखे वाचले जाईल. उलटही होते. एरवी ‘तूं’ म्हणणारा लीड एका मेसेजात ‘तुमी’वर आला, तर ते आदराचे नसून अंतराचे असू शकते, आणि इंग्रजी रूपात ते दिसणारच नाही. म्हणून मेसेज मूळ भाषेतच वाचावेत, ती भाषा बोलणाऱ्या दोघांनी एकमेकांना न विचारता वाचावेत आणि मग निकाल ताडून बघावेत. चाळीसपैकी चौतीस मेसेजांवर दोघांचे एकमत झाले तर वरवर ते पुष्कळ वाटते. पण दोघेही बहुतेक मेसेजांना ‘होय’च म्हणत असतील तर त्यातले बरेचसे एकमत योगायोगानेही जमते. ज्या सहांवर मतभेद झाले ते समोर घेऊन बसणे हा या कामातला सगळ्यांत शिकवणारा तास असतो. बहुतेक वेळा असे निघते की मतभेद वाचणाऱ्यांत नव्हता, मेसेजच दोन अर्थी होता. ज्याला तो मिळाला त्यानेही त्यातला एक अर्थ निवडला असणार.

हे सगळे मोजून झाल्यावर परिणामाचा प्रश्न येतो: टीकेने काम सुधारते की स्तुतीने? इथे एक जुना सापळा आहे. डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा अनुभव सांगितला आहे. उत्तम कसरतीची स्तुती केली की पुढच्या वेळी ती बिघडते आणि वाईट कसरतीवर ओरडले की सुधारते, असे एका प्रशिक्षकाचे ठाम मत होते. निरीक्षण बरोबर होते, त्यामागे मानलेले कारण मात्र चुकीचे होते. कोणाचेही काम दिवसागणिक खालीवर होते. फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा नेहमीसारखा, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा कमी असतो, आणि फार वाईट दिवसानंतरचा नेहमीसारखा, म्हणजे बरा असतो. कोणी काही बोलले नाही तरी हेच घडते. आपल्या लीडलाही अनुभवाने असेच वाटत असणार, की ग्रुपवर कौतुक केले की दुसऱ्या दिवशी ढिलाई येते आणि खासगीत झापले की काम होते. त्याची पडताळणी करायची तर असे प्रसंग शोधावे लागतात, जिथे तेवढेच चांगले किंवा तेवढेच वाईट काम झाले पण कोणालाच मेसेज गेला नाही, आणि त्यांचा दुसरा दिवस बघावा लागतो.

अभिप्रायाने काम सुधारतेच हेही गृहीत धरता येत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये जुन्या अभ्यासांमधले ६०७ परिणाम एकत्र करून तपासले. सरासरी काम सुधारले, पण एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत अभिप्रायानंतर काम खालावलेले निघाले. त्यांचे स्पष्टीकरण आपल्या दोन मेसेजांना चांगले लागू पडते. अभिप्रायाने लक्ष कामाकडे गेले तर उपयोग होतो. ते स्वतःकडे गेले, ‘मी कसा ठरतो आहे’ इकडे गेले, तर उपयोग घटतो. ‘सेकंड शिफ्टचं खास अभिनंदन’ आणि ‘ऑडिटला काय सांगायचं?’ ही दोन्ही वाक्ये लक्ष माणसाकडेच नेतात. एक सुखावते आणि दुसरे घाबरवते, एवढाच फरक. ‘बॅच बदलताना गार्डखाली जुने कार्टन सापडले, लाइन लगेच थांबवली गेली, यापुढे सही करण्याआधी गार्ड उघडून बघा, स्पॅनर लाइनवर ठेवला आहे’ हा मजकूर लक्ष गार्डकडे नेतो. तो ग्रुपवर जाऊ शकतो, खासगीतही जाऊ शकतो, आणि दोन्हीकडे जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या दृष्टीने मजकूर कामाबद्दल आहे की नाही याची ही चांगली कसोटी आहे: माध्यम बदलल्यावर त्यात किती बदल करावा लागतो ते बघायचे.

या पद्धतीची मर्यादा तिच्या साधनसामग्रीत आहे. खासगी मेसेज दोघांचे असतात. लीडने स्वतःचेच मेसेज स्वतः तपासणे सगळ्यांत सरळ. दुसऱ्या कोणी तपासायचे असतील तर ज्याला ते मिळाले त्याची परवानगी लागते, आणि नाव, क्रमांक, तारीख काढावी लागते. छोट्या पाळीत तेवढ्यानेही ओळख लपत नाही, म्हणून मूळ वाक्य बाहेर न दाखवता फक्त मोजणी दाखवावी. परवानगी मागितली की देणारे बहुधा दोन टोकांचे असतात, फार दुखावलेले आणि फार आनंदी. मधले लोक मेसेज जपूनच ठेवत नाहीत. पुसून टाकलेले मेसेज कधीच मिळत नाहीत, आणि लॉकर रूमबाहेरचे ते पाच मिनिटांचे बोलणे, ज्यात खरे कारण निघाले, ते तर कुठेच लिहिलेले नाही.

चार घरांत न बसणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचे उदाहरण थेट सर्वोच्च न्यायालयात मिळते. सरकारी नोकरीत वरिष्ठ दरवर्षी गोपनीय अहवाल लिहीत. प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला कळवायचा, बाकीचा कळवायचा नाही, अशी पद्धत होती. बॉर्डर रोड्समधले अभियंता देव दत्त यांची बढती अडली, कारण तिच्यासाठी सलग पाच वर्षे ‘अत्युत्तम’च्या पातळीचा शेरा हवा होता आणि त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात नुसते ‘चांगला’ असे होते. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्यांना कधी सांगितलाच गेला नव्हता. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडायला पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला.

कारखान्याच्या पाळीत हेच होते. ग्रुप शाबासकीसाठी, खासगी मेसेज चुकीसाठी, अशी वाटणी एकदा पडली की मधल्या शेऱ्याला जागाच उरत नाही. ‘काम ठीक आहे, पण फॉर्म भरताना तुझी खाडाखोड फार होते’ हे अभिनंदनात बसत नाही आणि रात्री वेगळे कळवण्याइतके गंभीर वाटत नाही. वर्षाअखेरीच्या मूल्यांकनात मात्र ते नेमके उगवते, आणि ऑपरेटर म्हणतो, मला कोणी कधी सांगितलेच नाही. तो खरे बोलत असतो. म्हणून मोजणीच्या वहीत मूल्यांकनातला प्रत्येक शेरा घेऊन, तो आधी कोणत्या मेसेजात आला होता ते मागे जाऊन शोधावे, आणि ज्यांचा माग लागत नाही त्यांची यादी वेगळी करावी. शेवटचा रकाना उत्तराचा. खासगी टीकेला ‘ओके’ किंवा ‘सॉरी सर’ यापलीकडे काय उत्तर आले ते तिथे लिहायचे. वीसपैकी वीस मेसेजांपुढे ‘सॉरी सर’ असेल, तर त्या वीस प्रसंगांपैकी किती ठिकाणी स्पॅनर खरोखर दूर होता, हे लीडला अजून कळायचे आहे.